डेक्सा रिपोर्ट नीट मांडायचा कसा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेक्सा, म्हणजे हाडांच्या घनतेची तपासणी, नागपूर, अमरावती किंवा अकोल्याला होते. रिपोर्ट मात्र वाचला जातो तालुक्याच्या दवाखान्यात, नाहीतर गावातल्या उपकेंद्रात. हातात येतो रंगीत आलेख, आकड्यांची दाटी आणि खाली इंग्रजीतली एक ओळ. त्या कागदावरून जागेनुसार मूल्यं, वर्गीकरण आणि मोडण्याचा धोका वेगवेगळा कसा लिहायचा, याबद्दल डॉक्टर, टंकलेखक, सीएचओ आणि नातेवाईक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. इथली माहिती रिपोर्ट मांडण्यापुरती आहे. औषध कोणतं आणि किती दिवस, हे रुग्णाला तपासणारे डॉक्टर ठरवतील.

१. प्रिंटआउटवर एवढे आकडे असतात. त्यातले कोणते उतरवायचे?

आधी जागा बघा. नेहमीच्या तपासणीत दोन जागा असतात: कमरेचा मणका, म्हणजे एल१ ते एल४, आणि एका बाजूचा खुबा. खुब्याचे दोनच आकडे कामाचे आहेत. एक फिमोरल नेक, म्हणजे खुब्याच्या हाडाची मान, आणि दुसरा टोटल हिप. काही वेळा मनगटाकडच्या हाताचाही स्कॅन असतो. त्यातला एक-तृतीयांश रेडियसचा आकडा घ्यायचा.

प्रत्येक जागेसाठी दोन गोष्टी लिहा. पहिली बीएमडी, म्हणजे हाडाची खनिज घनता, ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये, तीन दशांश स्थळांपर्यंत. दुसरी टी-स्कोअर किंवा झेड-स्कोअर, एका दशांश स्थळापर्यंत. बीएमडी गाळून फक्त टी-स्कोअर लिहिण्याची सवय फार आहे. पण पुढच्या वर्षी तुलना करायची ती बीएमडीची (प्रश्न १२ पाहा), आणि तेव्हा जुना कागद सापडत नाही.

उणे चिन्हावर लक्ष ठेवा. ओळ तुटली की चिन्ह वरच्या ओळीत राहतं आणि आकडा खाली येतो, मग वाचणारा ‘२.६’ असं सरळ वाचतो. मोबाइलवर पुढे पाठवायच्या मजकुरात ‘उणे २.६’ असं अक्षरात लिहिलेलं बरं.

मशीनची कंपनी, मॉडेल आणि तुलनेसाठी वापरलेला संदर्भगट हेही उतरवा. हे सहसा पानाच्या तळाशी बारीक अक्षरात असतं. त्याशिवाय टी-स्कोअरला अर्थ राहत नाही.

२. टी-स्कोअर आणि झेड-स्कोअर दोन्ही छापलेले असतात. कोणता धरायचा?

टी-स्कोअर रुग्णाच्या हाडाची तुलना तरुण, निरोगी माणसाच्या हाडाशी करतो. झेड-स्कोअर तुलना करतो त्याच वयाच्या आणि लिंगाच्या लोकांशी. टी-स्कोअरचं गणित सोपं आहे:

```
टी-स्कोअर = (रुग्णाची बीएमडी − तरुणांची सरासरी) ÷ प्रमाण विचलन
```

पाळी कायमची गेलेल्या बाईला आणि ५० किंवा त्याहून जास्त वयाच्या पुरुषाला टी-स्कोअर लावायचा. पाळी सुरू असलेली बाई, ५० च्या आतला पुरुष आणि मुलं यांना झेड-स्कोअर. गर्भाशय काढलेल्या बाईचं वय आणि बीजाशय ठेवली की काढली हे विचारल्याशिवाय ती कोणत्या गटात बसते ते ठरत नाही. आपल्याकडे पस्तिशी-चाळिशीत पिशवी काढलेल्या बाया बऱ्याच भेटतात, त्यामुळे ही चौकशी टाळू नका.

झेड-स्कोअर उणे २.० किंवा त्याखाली असेल तर ‘वयाच्या मानाने अपेक्षेपेक्षा कमी’ असं लिहायचं. त्यापेक्षा वर असेल तर ‘वयाच्या मानाने अपेक्षित मर्यादेत’. इथे ऑस्टिओपेनिया हा शब्द येत नाही आणि केवळ आकड्यावरून ऑस्टिओपोरोसिसही लिहिता येत नाही. मशीनच्या सॉफ्टवेअरला हे कळत नाही. ते ३२ वर्षांच्या बाईच्या कागदावरही ‘ऑस्टिओपेनिया’ छापून देऊ शकतं.

३. वर्गीकरणाच्या रेषा नेमक्या कुठे आहेत?

जागतिक आरोग्य संघटनेची १९९४ ची वर्गवारी आजही चालते. टी-स्कोअर उणे १.० किंवा त्याहून वर असेल तर सामान्य. उणे १.० आणि उणे २.५ यांच्यामध्ये असेल तर ऑस्टिओपेनिया, म्हणजे कमी घनता. उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. हद्दीवरचे आकडे चुकतात म्हणून स्पष्ट सांगतो: नेमका उणे १.० सामान्यात जातो आणि नेमका उणे २.५ ऑस्टिओपोरोसिसमध्ये.

उणे २.५ किंवा त्याखालच्या आकड्यासोबत किरकोळ पडण्यानं हाड मोडलं असेल तर त्या वर्गवारीत ‘तीव्र ऑस्टिओपोरोसिस’ म्हणतात. किरकोळ म्हणजे उभ्या उंचीवरून किंवा त्याहून कमी उंचीवरून पडणं: न्हाणीत घसरणं, ओट्याच्या पायरीवर तोल जाणं. बैलगाडीवरून किंवा मोटारसायकलवरून पडून मोडलेलं हाड यात धरत नाहीत.

४. मणक्याचा आकडा चांगला आणि खुब्याचा वाईट. सरासरी काढायची का?

नाही. सरासरी कधीच काढायची नाही. मणका, फिमोरल नेक आणि टोटल हिप यांतला सगळ्यात कमी टी-स्कोअर वर्गीकरण ठरवतो. हाताचा स्कॅन योग्य कारणासाठी केलेला असेल तर एक-तृतीयांश रेडियसही त्यात येतो (प्रश्न ११ पाहा).

पण ‘सगळ्यात कमी’ म्हणजे कागदावरचा कुठलाही सगळ्यात कमी आकडा नव्हे. खुब्याच्या तक्त्यात वॉर्ड त्रिकोण आणि ट्रोकँटर या दोन ओळी असतात. वॉर्डचा आकडा बहुतेकदा सगळ्यांत खाली जातो आणि घाबरवतो, पण निदानासाठी तो वापरत नाहीत. एकाच मणक्याचा आकडाही, उदाहरणार्थ एकट्या एल२ चा, निदानाला चालत नाही. मणक्याचे किमान दोन घटक तरी हवेत.

५. मणक्याचा आकडा खोटा चांगला आहे हे कसं ओळखायचं? कोणता मणका वगळायचा?

बहुतेक चुका इथेच होतात. साठीनंतर कमरेच्या खालच्या मणक्यांना कडेनं हाडाचे काटे येतात, मणक्यांमधले सांधे झिजून जाड होतात, महारोहिणीत चुना साठतो. डेक्साचा किरण मागून पुढे जातो, म्हणून वाटेत येणारं हे सगळं कॅल्शियम मणक्याच्या खात्यात जमा होतं आणि घनता वाढलेली दिसते. दबलेल्या मणक्याचंही तसंच आहे. हाड तेवढंच, पण क्षेत्रफळ कमी झालेलं, त्यामुळे भागाकार मोठा येतो.

ओळखायला चारही मणक्यांचे टी-स्कोअर शेजारी शेजारी लिहा. शेजारच्या मणक्यापेक्षा एकाचा टी-स्कोअर १.० पेक्षा जास्त वेगळा असेल तर त्या मणक्याची प्रतिमा नीट बघा आणि शक्य असेल तर साधा एक्स-रे जोडा. बदल दिसला तर तो मणका वगळायचा. कारण न बघता केवळ आकडा आवडला नाही म्हणून वगळणं चालत नाही. वगळल्यावर दोनपेक्षा कमी मणके उरले तर मणक्यावरून वर्गीकरण करायचं नाही, दुसरी जागा घ्यायची.

शिल्लक मणक्यांची एकत्र बीएमडी काढताना बीएमडीची सरासरी घेऊ नका. त्यांचं खनिज ग्रॅममध्ये बेरजेत घ्या, क्षेत्रफळ बेरजेत घ्या आणि मग भागा. टी-स्कोअर मात्र हातानं काढू नका. मशीनवर ते मणके बंद करून नवं विश्लेषण करून मागवा, कारण एल१-एल२ जोडीची तरुण सरासरी एल१-एल४ पेक्षा वेगळी असते.

६. एक पूर्ण उदाहरण करून दाखवाल का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली ६६ वर्षांची बाई धरू. पाळी जाऊन बरीच वर्षं झाली. उंची १४८ सेंमी, वजन ४६ किलो. दोन वर्षांपूर्वी अंगणात घसरून मनगट मोडलं. स्कॅन होलॉजिकच्या मशीनवर. मणक्याचे आकडे असे आले:

| मणका | क्षेत्रफळ, चौ. सेंमी | खनिज, ग्रॅम | बीएमडी | टी-स्कोअर |
|---|---|---|---|---|
| एल१ | ११.० | ७.७० | ०.७०० | उणे २.० |
| एल२ | १२.० | ९.३६ | ०.७८० | उणे २.३ |
| एल३ | १३.५ | १३.५० | १.००० | उणे ०.८ |
| एल४ | १५.० | १५.७५ | १.०५० | उणे ०.६ |
| एल१-एल४ | ५१.५ | ४६.३१ | ०.८९९ | उणे १.३ |

मशीननं शेवटची ओळ धरून मोठ्या अक्षरात ऑस्टिओपेनिया छापलं. पण एल२ वरून एल३ वर जाताना टी-स्कोअर एकदम १.५ नं चढला आहे. एक्स-रेत एल३ आणि एल४ ला मोठे काटे दिसतात. ते दोन वगळले तर खनिज ७.७० अधिक ९.३६ म्हणजे १७.०६ ग्रॅम आणि क्षेत्रफळ २३.० राहतं. बीएमडी येते ०.७४२. पुन्हा विश्लेषण केल्यावर टी-स्कोअर उणे २.२.

आता खुबा. फिमोरल नेकची बीएमडी ०.५४६. या मशीनवर संदर्भगटाची सरासरी ०.८५८ आणि प्रमाण विचलन ०.१२० आहे. फरक उणे ०.३१२, त्याला ०.१२० नं भागलं की उणे २.६. टोटल हिप ०.६८०, टी-स्कोअर उणे २.१. सगळ्यात कमी वापरण्याजोगा आकडा फिमोरल नेकचा. त्यामुळे वर्गीकरण ऑस्टिओपोरोसिस. मनगट किरकोळ पडण्यानं मोडलेलं असल्यामुळे तीव्र ऑस्टिओपोरोसिस. छापील ओळीपेक्षा हे दोन पायऱ्या खाली आहे.

मांडणी अशी:

```
तपासणी      : डेक्सा; मशीन, मॉडेल, संदर्भगट
गुणवत्ता     : एल३, एल४ वगळले (झीज, काटे; एक्स-रेत दिसतात)
मणका एल१-२  : ०.७४२, टी उणे २.२
फिमोरल नेक   : ०.५४६, टी उणे २.६  <- निर्णायक
टोटल हिप     : ०.६८०, टी उणे २.१
आधीचं मोडणं  : मनगट, किरकोळ पडून
वर्गीकरण     : तीव्र ऑस्टिओपोरोसिस
धोका        : मोडण्याच्या धोक्याचं फ्रॅक्स गणित वेगळ्या ओळीत, रुग्णाच्या भाषेत खुलासा
```

छापलेल्या शब्दाशी आपला निष्कर्ष जुळत नसेल तर तसं लिहा: ‘मशीनचं छापील वर्गीकरण एल१-एल४ वर आधारित, वरील कारणामुळे ग्राह्य धरलेलं नाही.’ नाहीतर पुढचा डॉक्टर दोन कागद हातात घेऊन गोंधळतो.

७. स्कॅन नीट झाला की नाही हे रिपोर्टवरून कळतं का?

आकड्यांवरून फारसं कळत नाही, पण प्रतिमेवरून बरंच कळतं. त्यामुळे रिपोर्टसोबत प्रतिमेचं पान मागा. मणका मधोमध आणि सरळ हवा, वरती बाराव्या छातीच्या मणक्याचा थोडा भाग आणि खाली एल५ दिसायला हवा. सामान्यपणे एल१ पासून एल४ पर्यंत खनिज आणि क्षेत्रफळ वाढत जातं. मधेच क्रम उलटला तर मणके मोजण्यात चूक झाली असण्याची शक्यता तपासा.

खुब्याच्या प्रतिमेत पाय आत वळवलेला हवा. तो नीट वळवला की मांडीच्या हाडाचा आतला छोटा उंचवटा, लेसर ट्रोकँटर, जेमतेम दिसतो. तो ठळक दिसत असेल तर पाय वळलेला नाही. मान आखूड दिसते आणि बीएमडी खोटी जास्त येते. संधिवातात किंवा खुबा दुखत असलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या स्कॅनमध्ये ही अडचण नेहमीची.

धातूचं सांगायचं तर करदोडा, मंगळसूत्र, परकराच्या नाडीला लावलेली पिन, बंडीतली चाबी हे सगळं आधी काढायला सांगा. कॅल्शियमची न विरघळलेली गोळी पोटात असली तर तीही मणक्यावर ठिपका होऊन उमटते, म्हणून स्कॅनच्या आदल्या दिवसापासून कॅल्शियमची गोळी बंद ठेवतात. बेरियम पाजून किंवा कॉन्ट्रास्ट टोचून तपासणी झाली असेल तर डेक्सा पुढे ढकलावी लागते.

८. घनता कमी म्हणजे हाड मोडणारच का? धोका कसा लिहायचा?

घनता धोक्याचा एक भाग सांगते. खुब्याची घनता एक प्रमाण विचलन खाली गेली की खुबा मोडण्याचा धोका साधारण अडीच पट वाढतो. पण ही तुलना त्याच वयाच्या माणसांतली आहे. पन्नाशीतल्या बाईचा उणे २.५ आणि ऐंशीतल्या आजीचा उणे २.५ यांचा धोका सारखा नसतो. म्हणून वर्गीकरणाची ओळ आणि धोक्याची ओळ एकत्र लिहू नका. ऑस्टिओपेनियाच्या गटात माणसं जास्त असल्यामुळे मोडणाऱ्यांतही त्यांची संख्या मोठी भरते.

धोक्याच्या ओळीसाठी फ्रॅक्स हे गणित वापरतात. ४० ते ९० वयात ते पुढच्या १० वर्षांसाठी दोन टक्केवाऱ्या देतं. एक मोठ्या मोडण्याची, ज्यात मणका, खुबा, मनगट आणि खांद्याजवळचं हाड येतं. दुसरी एकट्या खुब्याची. देश म्हणून भारत निवडा. वय, लिंग, वजन, उंची, आधी मोडलेलं हाड, आई किंवा वडिलांचा मोडलेला खुबा, सध्याचं धूम्रपान, स्टिरॉइड, संधिवाताचा रुमेटॉइड प्रकार, ऑस्टिओपोरोसिस घडवणारे इतर आजार, दारू आणि शेवटी फिमोरल नेकची बीएमडी, एवढं भरावं लागतं. मणक्याचा आकडा तिथे भरायचा नाही. बीएमडी भरताना मशीनची कंपनी बरोबर निवडा, नाहीतर उत्तर चुकतं.

स्टिरॉइडचा रकाना आपल्याकडे निष्काळजीपणे भरला जातो. प्रेडनिसोलोन रोज ५ मिग्रॅ किंवा जास्त, तीन महिने किंवा अधिक, हा निकष आहे. गुडघेदुखीसाठी बाजाराच्या दिवशी घेतलेल्या बिननावाच्या पुड्यांत स्टिरॉइड असू शकतं, आणि ‘तुम्ही स्टिरॉइड घेता का’ असं विचारल्यावर रुग्ण नाहीच म्हणतो. ‘पुडी घेतल्यावर भूक वाढते, तोंड सुजते का, बंद केली की दुखणं दुप्पट होते का’ असं विचारा.

वारंवार पडणं फ्रॅक्सच्या मूळ गणितात नाही. मधुमेहात धोका आकड्यापेक्षा जास्त असतो. नुकतंच मोडलेलं हाड किंवा एकाहून जास्त वेळा मोडणंही त्यात पुरेसं उतरत नाही. अशा वेळी टक्केवारीच्या पुढे ‘प्रत्यक्ष धोका यापेक्षा जास्त असू शकतो’ असं कारणासह लिहा.

९. आजीला हे सांगायचं कसं? रिपोर्टमध्ये रुग्णाच्या भाषेतली ओळ कशी असावी?

तीन वाक्यं पुरतात: कुठलं हाड, काय झालं, आणि त्यातून काय होऊ शकतं. वऱ्हाडीत बोलायचं तर असं: ‘आजी, तुमच्या खुब्याजवळचं हाड विरळ झालं हाय. मोडलं नाही, पण न्हाणीत घसरल्या त मोडू शकते. मनगट आधीच एकदा मोडलं, म्हणून हे मनावर घ्या लागते.’ लेखी ओळ प्रमाण भाषेत लिहिली तरी वाक्यांची लांबी तेवढीच ठेवा.

टक्केवारीऐवजी माणसं मोजा. समजा फ्रॅक्सनं मोठ्या मोडण्याचा धोका १२ टक्के दिला. ‘तुमच्यासारख्या १०० बायांपैकी साधारण १२ जणींचं हाड पुढच्या १० वर्षांत मोडतं, ८८ जणींचं नाही.’ दोन्ही बाजू सांगा. फक्त १२ सांगितले की काही घाबरतात, फक्त ८८ सांगितले की गोळ्या घरी धूळ खातात.

‘३६ टक्के हाड गेलं’ असं लिहू नका. वरच्या उदाहरणात ०.५४६ हे ०.८५८ च्या ६४ टक्के आहे, त्यामुळे कोणाला तसं म्हणावंसं वाटतं, पण ती तरुणपणी सरासरीवर होती की नाही हे कोणालाच माहीत नाही. ‘हाडं पोखरली’, ‘हाडाची राख झाली’ असेही शब्द टाळा. एकदा असं ऐकलेली बाई वावरात जाणं बंद करते, आणि चालणं थांबल्यानं हाड आणि स्नायू दोन्ही आणखी उतरतात.

१०. शिबिरात टाचेच्या मशीननं टी-स्कोअर काढला. तो रिपोर्टमध्ये घालू का?

स्वतंत्र ओळीत, ‘टाचेचं अल्ट्रासाउंड, निदानासाठी नाही’ असं लिहून घालता येतो. त्यावर उणे १.० आणि उणे २.५ या रेषा लावता येत नाहीत, कारण त्या रेषा डेक्साच्या ठरलेल्या जागांसाठी आहेत. टाचेचा आकडा कमी असेल तर डेक्साला पाठवा. टाचेचा आकडा चांगला आहे म्हणून मनगट मोडलेल्या बाईची डेक्सा रद्द करू नका.

११. हाताचा स्कॅन कधी धरायचा?

मणका आणि खुबा यांपैकी कुठलं मोजता येत नसेल किंवा वाचता येत नसेल, पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त काम करत असेल, किंवा वजन टेबलाच्या मर्यादेपलीकडे असेल तर. शक्यतो ज्या हातानं काम करत नाहीत तो हात. मात्र त्याचं मनगट आधी मोडलेलं असेल तर दुसरा. दोन्ही खुब्यांत सांधा बसवलेला असेल तर मणक्यासोबत हातही धरा.

१२. दोन वर्षांपूर्वीच्या रिपोर्टशी तुलना कशी करायची?

बीएमडीची बीएमडीशी, त्याच जागेची, त्याच मशीनवरची. एका कंपनीचं मशीन दुसऱ्यापेक्षा सरळ जास्त वाचतं, त्यामुळे अमरावतीचा आधीचा आणि नागपूरचा आताचा आकडा वजा करून काही कळत नाही. तसं असेल तर ‘मशीन वेगळं, तुलना केलेली नाही’ असं लिहा.

मशीन तेच असलं तरी प्रत्येक मोजणीत थोडी चूक असते. केंद्रानं स्वतःची चूक मोजून ‘किमान लक्षणीय बदल’ काढलेला असायला हवा. तो नसेल तर चालवून घेण्याची वरची मर्यादा लक्षात ठेवा: मणक्यासाठी ५.३ टक्के, टोटल हिपसाठी ५.० आणि फिमोरल नेकसाठी ६.९. टोटल हिप ०.७०० वरून ०.६८० वर आला तर बदल उणे २.९ टक्के. तो मर्यादेच्या आत आहे, म्हणून ‘लक्षणीय बदल नाही’. ‘घट झाली’ असं लिहिलं तर रुग्ण औषध बदलून मागतो. तुलनेत मणके तेच धरा: मागच्या वेळी एल१-एल४ आणि आता एल१-एल२ असेल तर जुन्या स्कॅनचंही एल१-एल२ काढून मागवा.

१३. सिकलसेलच्या तरुण रुग्णाचा रिपोर्ट कसा लिहायचा?

पूर्व विदर्भात हा प्रश्न नेहमी येतो. वय ५० च्या आत असल्यामुळे झेड-स्कोअर, प्रश्न २ मधल्या शब्दांत. पुढची अडचण जागांची. सिकलसेलमध्ये मणक्याच्या मधल्या भागाचा रक्तपुरवठा तुटून वरची-खालची कड खोलगट होते, काही ठिकाणी हाड घट्टही होतं, म्हणजे आकडा दोन्ही दिशांना फसवू शकतो. मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा गेलेला असेल तर पाय वळत नाही. मग दुसऱ्या बाजूचा खुबा घ्या. दोन्ही गेले असतील तर हात. हाडदुखी या रुग्णांना तशीही असते, म्हणून ‘दुखतं म्हणून घनता कमी’ असा संबंध रिपोर्टमध्ये जोडू नका. फ्रॅक्स ४० च्या आत चालत नाही, त्या ओळीत ‘लागू नाही’ लिहा.

मूल असेल तर केवळ झेड-स्कोअरवरून ऑस्टिओपोरोसिस हा शब्द कधीच नाही. त्याला मणका दबल्याचा किंवा लक्षात घेण्यासारख्या मोडण्यांचा पुरावा लागतो. वयाच्या मानानं बुटक्या मुलाची बीएमडी खोटी कमी दिसते, कारण डेक्सा खोली मोजत नाही, फक्त क्षेत्रफळ मोजते. उंचीची नोंद असायलाच हवी.

१४. टी-स्कोअर अधिक २ आला, पण माणूस वाकलेला आणि हातपाय आखडलेले. रिपोर्ट ‘सामान्य’ लिहू का?

लिहू नका. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात दुसरा स्रोत नसल्यास मान्य असलेली कमाल मर्यादा लिटरला १.५ मिग्रॅ आहे. वर्षानुवर्षं त्याहून जास्त पोटात गेलं की हाडात फ्लोराइड साठतं, मणक्याची घनता वाढते, अस्थिबंधांत चुना बसतो. हाड दाट दिसतं पण ठिसूळ असतं. डेक्सा फक्त खनिज मोजते, ते खनिज कसं रचलेलं आहे हे तिला दिसत नाही.

वय वाढलेलं, पाठ ताठ, मान वळत नाही आणि मणक्याचा टी-स्कोअर वयाच्या मानानं फार वर, असं जुळलं तर दोन गोष्टी मागा. गाव आणि पाण्याचा स्रोत, आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा एक्स-रे. हाताच्या दोन हाडांमधल्या पडद्यात चुना दिसणं ही फ्लोरोसिसची ठळक खूण आहे. रिपोर्टमध्ये मूल्यं जशीच्या तशी लिहा, वर्गीकरणाच्या जागी ‘टी-स्कोअरवरून वर्गीकरण करता येत नाही, फ्लोरोसिसची शक्यता’ आणि धोक्याच्या ओळीत ‘फ्रॅक्स लागू नाही’. त्याच घरातल्या, त्याच बोअरचं पाणी पिणाऱ्या दुसऱ्या कोणाची डेक्सा आली तर तीही याच नजरेनं वाचा.